आठ जणांचं घर, एक पगार आणि तीन वाटा

पत्र

‘मी २८ वर्षांची आहे, ओबीसी. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा होऊन सहा वर्षं झाली. त्यातली शेवटची चार वर्षं चार महिने नागपुरातल्या एकाच खासगी रुग्णालयात, आयसीयूत. पगार २०,५००, कापून हातात १८,८०० येतात. घर वाठोड्याला, आजीच्या नावावर. घरात आई, ७४ वर्षांची आजी आणि लकव्यानंतर घरीच असलेले बाबा, ते आधी ऑटो चालवायचे. शिवाय पोलीस भरतीची तयारी करणारा २१ वर्षांचा भाऊ आणि बारावीतली बहीण. भाऊजी सिक्युरिटी गार्ड होते, ते दोन वर्षांपूर्वी नोकरीत असतानाच वारले. तेव्हापासून ताई आणि तिचा सहा वर्षांचा मुलगाही आमच्याकडे. कमावती मी एकटी. महिन्याला १७ हजार लागतात. बँकेत ४५ हजार आहेत. बाबांच्या गोळ्या ईएसआयच्या दवाखान्यातून मिळतात.

माझ्यापुढे तीन वाटा आहेत. एक, दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात २७ हजारांची ऑफर. दोन, नोकरी सोडून सहा महिने क्लास लावायचा आणि एम्सची नॉरसेट ही नर्स भरतीची परीक्षा द्यायची. तीन, एक एजंट जर्मनीला पाठवतो म्हणतो, भाषेसकट साडेतीन लाख मागतो, त्यासाठी घरावर कर्ज काढावं लागेल. लग्नाचा विषय घरात कुणी काढत नाही, मीही नाही. माझं वय निघून चाललंय आणि कुठलीही वाट धरली तरी घर पणाला लागेल असं वाटतं. काय करू?’

— एक स्टाफ नर्स, नागपूर

उत्तर

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली, ती वाटांबद्दलची नाही. भाऊजी नोकरीत असतानाच वारले, ही ती ओळ. तिच्याकडे मी थोड्या वेळाने येते, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथे दिसतं. आधी नोकरी सोडण्याचं बोलू, कारण त्या वाटेचा निकाल कागद-पेन्सिल घेतली की पाच मिनिटांत लागतो.

सहा महिने घरी बसून अभ्यास म्हणजे सहा गुणिले १७ हजार, एक लाख दोन हजार रुपये. क्लासची फी वेगळी. पण परीक्षा दिली म्हणजे पगार सुरू झाला असं होत नाही. नॉरसेटला पूर्व आणि मुख्य अशा दोन पायऱ्या आहेत. मग निकाल, मग कुठल्या एम्सला जायचं त्याची पसंती भरणं, वाटप, कागदपत्रांची तपासणी, आणि त्यानंतर रुजू होण्याचं पत्र. सगळं पहिल्या फटक्यात जमलं तरी नोकरी सोडल्यापासून पहिला पगार हातात पडेपर्यंत वर्ष धरून चाला. म्हणजे दोन लाखांच्या वर. तुमचे ४५ हजार तिसरा महिना संपायच्या आतच संपतात. चौथ्या महिन्यात तुम्ही अभ्यास करत नसाल, उसनवारी करत असाल. पुस्तक समोर उघडं आणि डोक्यात किराणा, अशाने कुणी परीक्षा काढल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

तेव्हा नोकरी सोडून नॉरसेट द्यायची नाही. नोकरी करत मात्र जरूर द्यायची. ती कशी, ते पुढे सांगते.

त्याआधी एका गृहीतकाबद्दल. तुम्ही पगार म्हणजे १८,८०० धरता. रुग्णालयांच्या आस्थापना विभागात माझं आयुष्य गेलं आणि तिथे एक गोष्ट सतत दिसायची. कर्मचारी खाली लिहिलेला निव्वळ आकडा बघतात, मधल्या कपातीच्या ओळी कुणी वाचत नाही. तुमची पे-स्लिप आत्ता काढा. पीएफचे पंधराशे-सोळाशे आणि ईएसआयचे १५४ रुपये कापलेले दिसतील. या दोन ओळी तुमच्या घरासाठी काय करतात ते बघा.

ईएसआय १५४ रुपयांत तुम्हाला आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-बाबांना पूर्ण उपचार देतं, ओपीडी आणि औषधांसकट. शिवाय उद्या तुम्हीच कावीळ होऊन किंवा पाय मोडून पडलात, तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम तुम्हाला मिळते. एकट्या कमावत्या माणसासाठी हे दुसरं कलम पहिल्याहून मोठं आहे. आणि पीएफच्या ओळीमागे एक विमा दडलेला असतो, ज्याला ईडीएलआय म्हणतात. कर्मचारी नोकरीत असताना गेला, तर वारसाला सात लाखांपर्यंत मिळू शकतात. त्यासाठी तुमच्या खिशातून वेगळा पैसा जात नाही, मालक भरतो. नोकरी सोडली की तो विमाही सुटतो.

आता २७ हजारांची ऑफर या उजेडात बघा. ईएसआयची सध्याची पगारमर्यादा २१ हजार आहे. तुम्ही आज तिच्या जेमतेम आत आहात. २७ हजारांवर गेलात की तुम्ही बाहेर, आणि तुमच्यासोबत बाबाही बाहेर. पीएफ आणि व्यवसाय कर कापून हातात २५ हजार आले असं धरू. वाढ झाली ६,२०० रुपयांची. त्यातून बाबांच्या गोळ्या आता विकत आणायच्या. बाबांची ताजी चिठ्ठी घ्या आणि दोन ठिकाणी भाव काढा, एक नेहमीच्या मेडिकल स्टोअरला, दुसरा जनऔषधी केंद्रात. लकव्यानंतरच्या बहुतेक गोळ्या, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी, बीपीची, कोलेस्टेरॉलची, जनऔषधीत बऱ्याच स्वस्त मिळतात. तो आकडा ६,२०० मधून वजा करा. मग उरतं ते खरं.

‘पण आता तर राशन कार्डावर सगळ्यांना पाच लाखांपर्यंत उपचार आहेत’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. खरं आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता राज्यातलं प्रत्येक शिधापत्रिकाधारक कुटुंब येतं. आजी ७० च्या पुढच्या असल्यामुळे त्यांना उत्पन्न न बघता आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढता येतं, ते याच आठवड्यात काढून टाका. पण या योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहेत, ठरलेल्या आजारांच्या ठरलेल्या पॅकेजांपुरत्या. महिन्याच्या महिन्याला लागणाऱ्या गोळ्या त्यात बसत नाहीत. ऑपरेशनचा लाखाचा खर्च योजनेत निघतो आणि दर महिन्याच्या दोन-अडीच हजारांच्या औषधांनी घर हळूहळू खाली बसतं, हे मी अनेक कुटुंबांत बघितलंय. बाबांचा खाजगी आरोग्य विमा काढू म्हणाल, तर लकवा होऊन गेलेल्या माणसाला कंपनी हप्ता भरमसाट लावते आणि आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते.

याचा अर्थ ऑफर वाईट आहे असा नाही. पण आज ती घेऊ नका, आणि त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे: चार वर्षं चार महिने. पाच वर्षं पूर्ण झाली की तुम्हाला ग्रॅच्युइटी लागू होते. हिशेब सोपा आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जो आकडा येतो त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि मग जितकी वर्षं झाली तितक्याने गुणायचं. तुमच्या पीएफच्या कपातीवरून तुमचं मूळ वेतन १३ हजारांच्या आसपास दिसतं. म्हणजे वर्षाचे साडेसात हजार, पाच वर्षांचे साडेसदतीस हजार. तुमच्या आजवरच्या सगळ्या बचतीच्या जवळपास तितकीच रक्कम फक्त आठ महिने थांबून मिळते. ऑफर देणाऱ्या एचआरला स्पष्ट सांगा, ‘मला आत्ता जमणार नाही, पुढच्या वर्षी विचार करेन.’ आयसीयूची चार वर्षं झालेली नर्स कुणी विसरत नाही. नागपुरात रामदासपेठ-धंतोलीत दोन गल्ल्या फिरलं तरी कळतं की आयसीयूला माणसं कमी आहेत.

आणि आठ महिन्यांनी गेलातच, तर पगाराच्या आकड्यावर घासाघीस करण्याआधी तीन गोष्टी विचारा. पीएफ पहिल्या दिवसापासून आहे का? कर्मचाऱ्यांचा गट आरोग्य विमा आहे का, आणि त्यात आई-वडील घेतात का? मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात का? तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर तिथे जाऊ नका. मूळ कागद त्यांच्या कपाटात असताना तुम्हाला ना परीक्षेच्या कागदपत्र तपासणीला जाता येईल, ना नोकरी बदलता येईल.

आता भाऊजींकडे येते.

ताईचं दुःख ताजं होतं आणि तुम्ही सगळं निभावून नेलंत, त्यामुळे कदाचित कुणी चौकशी केली नसेल. भाऊजी एजन्सीमार्फत गार्ड असतील, तरी त्यांचा पीएफ कापला जात असण्याची बरीच शक्यता आहे. कसं कळेल? त्यांची जुनी पे-स्लिप, मोबाइलवर पीएफचे येणारे मेसेज, किंवा यूएएन नावाचा बारा आकडी क्रमांक शोधा. काहीच सापडलं नाही तर एजन्सीच्या ऑफिसात जाऊन विचारा. ताईंना एकटं पाठवू नका, भावाला सोबत द्या.

पीएफ कापला जात असेल तर ताईचे तीन वेगवेगळे हक्क आहेत आणि त्यांचे अर्जही वेगळे. साठलेल्या पीएफसाठी फॉर्म २०, विम्यासाठी फॉर्म ५ आयएफ, पेन्शनसाठी फॉर्म १० डी. विम्याचं बघा. मृत्यूपूर्वी सलग वर्षभर नोकरी झालेली असेल तर तो किमान अडीच लाख असतो. पेन्शन छोटी असते, विधवेला महिन्याला किमान एक हजार आणि मुलाला वेगळी. पण मुलाची २५ वर्षांपर्यंत चालते. पेन्शनसाठी दहा वर्षं नोकरी लागते असं लोक सांगतात. ते जिवंत सदस्याच्या निवृत्तीबद्दल. नोकरीत असताना मृत्यू झाला तर एक महिन्याची वर्गणीही पुरते. एजन्सी सही द्यायला टाळाटाळ करते हा नेहमीचा अनुभव आहे. तेव्हा अडून बसू नका, बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकारी यांची साक्षांकित सही चालते. दोन वर्षं झाली म्हणून हक्क बुडालेला नाही.

दुसरं भाच्याचं. वडील नसलेल्या मुलासाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. मूल अनाथाश्रमात नाही, आईजवळच असलं तरी लागू होते, आणि रक्कम महिन्याला २,२५० रुपये आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. भाऊजींचा मृत्यू दाखला, ताईचा उत्पन्नाचा दाखला, मुलाचं शाळेचं बोनाफाइड आणि आधार, एवढी तयारी करून जा. हे पैसे दर एक तारखेला येतील या भरवशावर मात्र राहू नका, कधी चार-सहा महिन्यांचे एकदम येतात. म्हणून ते किराण्यात धरू नका, ताईच्या नावाच्या खात्यात साठू द्या.

आता बघा, तुमच्या घरात महिन्याअखेर उरतात अठराशे रुपये. एकट्या भाच्याच्या योजनेचे त्याहून जास्त होतात. आणि पीएफचा विमा निघाला तर घरात पहिल्यांदा अशी रक्कम येईल, जिच्यावर तुम्ही नोकरी नसतानाही वर्षभर तग धरू शकता. ती रक्कम ताईची आणि तिच्या मुलाची आहे हे लक्षात ठेवायचं. पण ‘कमावती मी एकटी’ हे तुम्ही पत्रात लिहिलेलं वाक्य मात्र तेव्हा तितकंसं खरं राहणार नाही.

भावाचंही तसंच. पोलीस भरतीला राखीव प्रवर्गाला ३३ वर्षांपर्यंत वय आहे, त्यामुळे त्याच्या हातात वेळ आहे. मैदान पहाटे असतं, अभ्यास रात्री होतो. मधले चार-पाच तास औषधाच्या दुकानात किंवा गोदामात काम केलं तर चार-पाच हजार सहज येतात. ‘त्याचा अभ्यास बुडेल’ अशी काळजी आई करेल. आईला विचारा, आयसीयूच्या नाइट करून नॉरसेटचा अभ्यास करणाऱ्या मुलीचा बुडत नाही का? कुणावर उपकार म्हणून नको, त्याच्याकडून ठरलेली रक्कम आणि ठरलेली तारीख घ्या. पहिल्या महिन्यात दोन हजार दिले तरी चालतील. महत्त्वाचं हे की घरात पगाराची दुसरी तारीख सुरू व्हावी.

आता परीक्षा. तिच्यासाठी तुमच्याकडे वाटतो त्यापेक्षा बराच वेळ आहे. नॉरसेटला वयोमर्यादा ३० आहे, पण ओबीसींना तीन वर्षांची सूट, म्हणजे तुमच्यासाठी ३३. परीक्षा साधारणपणे वर्षातून दोनदा होते. तेव्हा ‘आता नाही तर कधीच नाही’ अशी परिस्थिती नाही. शिवाय याच अभ्यासावर राज्याच्या अधिपरिचारिका पदाची भरती देता येते. मेडिकल, मेयो, डागा ही आपली सगळी सरकारी रुग्णालयं त्यात येतात आणि तिथे वयोमर्यादा आणखी पुढे आहे. एकच अभ्यास, दोन-तीन दारं.

दिवसाला दोन तास, महिन्यातले पंचवीस दिवस, म्हणजे महिन्याला पन्नास तास. सहा महिन्यांत तीनशे. घरी बसणाऱ्याच्या मानाने हे कमी आहेत, पण तुम्ही रोज व्हेंटिलेटर, आर्टेरियल लाइन आणि इनोट्रोप हाताळता. नव्याने शिकायचं आहे ते बालरोग, मानसोपचार, सामुदायिक आरोग्य, आणि गणित-बुद्धिमत्तेचा तो कंटाळवाणा भाग. आयसीयूवाल्या मुली नेमक्या इथेच गुण घालवतात. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, म्हणून अंदाजपंचे टिक करायची सवय आधी मोडा. मॅट्रनशी बोलून महिन्याच्या नाइट सलग लावून घेता येतात का बघा. आज डे, उद्या नाइट अशा पाळ्यांत अभ्यास होत नाही. साठलेली रजा दिवाळीत उडवू नका, परीक्षेच्या आधीच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवा.

पण पुस्तकाआधी दोन कागद. जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. अनुभवाच्या दाखल्यावर खाटांची संख्या स्पष्ट लिहिलेली हवी. हा दाखला नोकरीत असताना मागा. सोडून गेलेल्या माणसाला तोच कागद तीन चकरांशिवाय मिळत नाही. दुसरा कागद नॉन क्रिमीलेअरचा. आपल्याकडे बहुतेकांजवळ राज्याच्या नमुन्यातला असतो. केंद्राच्या भरतीला केंद्राच्या नमुन्यातला, चालू कालावधीचा लागतो. सेतू केंद्रात ‘केंद्र सरकारसाठी’ असं सांगून अर्ज करा आणि हातात आल्यावर नमुना तपासा. गुणांत बसलेली मुलगी या एका कागदावर बाहेर गेल्याचं मी पाहिलंय. जाता जाता महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची तारीखही बघा, पाच वर्षांनी नूतनीकरण असतं.

आणि निवड झालीच तर? सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९००, भत्ते वेगळे. पण मिहानमधलं एम्सच मिळेल असं समजू नका. देशातलं कुठलंही मिळू शकतं. भटिंड्याला किंवा गुवाहाटीला गेलात तर तुमचं तिथलं भाडं-खाणं वजा करूनही घरी आजच्यापेक्षा जास्त पाठवता येईल. पण बाबांना तपासणीला कोण नेणार, रात्री काही झालं तर आईजवळ कोण, हे आत्ताच ठरवून ठेवा. ताई आणि भाऊ यांनी आतापासून महिन्यातून एकदा बाबांना ईएसआयच्या दवाखान्यात न्यायचं, तुम्ही नाही. कुठली चिठ्ठी कुठे दाखवायची, गोळी संपली तर काय, हे त्यांना माहीत होईल.

जर्मनीबद्दल मी कडक बोलणार आहे. तिथे नर्सेसची खरोखर गरज आहे, आपल्या मुली जाऊन चांगल्या स्थिरावल्याही आहेत. माझा आक्षेप देशाला नाही, घरावरच्या कर्जाला आहे. साडेतीन लाख पाच वर्षांत फेडायचे म्हटले तर बारा टक्क्यांनी हप्ता पावणेआठ हजारांच्या घरात जातो. तो पुढच्या महिन्यापासून सुरू होणार आणि तुम्ही जर्मनीला पोहोचणार दीड-दोन वर्षांनी. कारण नर्स म्हणून मान्यता मिळायला भाषा साधारण बी-टू पातळीची लागते, आणि नोकरी सांभाळून ए-वनपासून तिथवर पोहोचायला तेवढा वेळ जातोच. तिथे गेल्यावरही मान्यतेची परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत बहुतेकांना साहाय्यक म्हणून काम मिळतं, पगारही त्याप्रमाणे. भाषेची परीक्षा राहिली, व्हिसा अडला, तर एजंटचे पैसे गेलेले असतात आणि आजीचं घर गहाण.

नीट चालणाऱ्या भरतीत भाषेचा आणि प्रवासाचा खर्च नर्स करत नाही, तिला घेणारं रुग्णालय करतं. तुमच्या एजंटला एवढंच विचारा, ‘कुठल्या रुग्णालयाशी करार होणार, त्याचं नाव आणि मसुदा दाखवा. भाषेचे पैसे ते देणार आहेत का?’ परराष्ट्र मंत्रालयाच्या emigrate.gov.in या संकेतस्थळावर नोंदणीकृत भरती एजंटांची यादी आहे. त्यात त्याचं नाव आहे का ते भावाला बघायला सांगा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी, इतकंच घेता येतं. साडेतीन लाखांत बाकीचं काय आहे याची फोड त्याने लेखी द्यावी. तो चिडला तर तुमचं काम झालं.

जर्मनी मनातून जात नसेल तर पुढच्या वर्षी फक्त ए-वन करा, स्वतःच्या पैशांनी, एकाच पातळीची फी भरून. भाषा जमते का, आवडते का, हे त्यातच कळेल. त्यापुढचा पैसा रुग्णालयाच्या खिशातून येत असेल तरच पुढचं पाऊल. घर गहाण ठेवून नाही, या अटीवर मी अडून बसेन.

राहिला एक छोटा खर्च, जो तुम्ही आजच करावा असं मला वाटतं. सात माणसं तुमच्या पगारावर आहेत आणि पीएफचा विमा सोडला तर तुमच्या जिवावर काहीच नाही. बँकेत जाऊन जीवन ज्योती आणि सुरक्षा या दोन्ही विम्यांचे फॉर्म भरा. पहिल्याचे वर्षाला ४३६ रुपये, दुसऱ्याचे २०. पहिल्यात कुठल्याही कारणाने मृत्यू झाल्यास दोन लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. सात माणसांना हे पुरणार नाही. हात थोडा सैल झाला की २५-३० लाखांचा साधा टर्म विमा घ्या. तुमच्या वयाला त्याचा हप्ता हलका असतो आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. पैसे परत मिळणारी, बचत-विमा एकत्र असलेली पॉलिसी कुणी गळ्यात मारायला आला तर हात जोडा. पीएफच्या खात्यात नॉमिनी कोण आहे तेही बघा. बऱ्याच मुलींनी तो रकाना रिकामाच सोडलेला असतो.

लग्नाचं तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात, मीही तिथे रेंगाळणार नाही. फक्त हे सांगते की वरच्या कामांतलं निम्मं जरी झालं, भावाची तारीख सुरू झाली, ताईची पेन्शन लागली, तरी तो विषय घरात काढायला तुम्हाला कुणाची परवानगी लागणार नाही. काढायचा की नाही हे मात्र तुमचं तुम्ही ठरवा.

ज्यांच्या घरी अशीच परिस्थिती आहे, मग ते नर्स असोत, बुटीबोरीतले फिटर असोत की इतवारीत दुकानावर कामाला असलेले, त्यांनीही वाट निवडण्याआधी पे-स्लिपच्या मधल्या ओळी वाचाव्यात आणि घरात गेल्या काही वर्षांत कुणी नोकरीत असताना गेलं असेल तर त्याचा पीएफ तपासावा.

तुमच्यासाठी येत्या सुटीचं काम एवढंच: ताईजवळ बसा आणि भाऊजींची जुनी कागदपत्रं, पासबुक आणि मोबाइल काढा. यूएएन सापडला तर सोमवारी भाऊ आणि ताई पीएफच्या कार्यालयात जातील, तुम्ही ड्युटीला जा.